मोंढ्यातला पाइप आणि डीव्हीआर : ताब्याची साखळी कशी राखावी आणि ती कुठे तुटते

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा गाठायला मोटारीने फार तर दीड-दोन तास लागतात. अंतर साधारण 60 किलोमीटरचे आहे. तरीही जप्त केलेली वस्तू ठाण्यातून निघून प्रयोगशाळेच्या खिडकीवर पोहोचायला कागदोपत्री दहा-बारा दिवस लागल्याचे अनेक खटल्यांत दिसते. त्या दिवसांत ती वस्तू कुठे होती, कोणाच्या ताब्यात होती आणि तिचे सील शाबूत होते काय, या तीन प्रश्नांची उत्तरे साक्षीदाराला देता आली नाहीत, तर अचूक तपासणीचा अहवालही निरुपयोगी ठरू शकतो. अहवाल फक्त प्रयोगशाळेत आलेल्या वस्तूविषयी बोलतो. ती वस्तू घटनास्थळीच सापडलेली होती, हे अहवाल सांगू शकत नाही. ते ताब्याच्या साखळीने सांगायचे असते.

ताब्याची साखळी म्हणजे वस्तू सापडल्या क्षणापासून ती न्यायालयात दाखवली जाईपर्यंत तिचा ताबा कोणाकडून कोणाकडे, केव्हा, कशासाठी आणि कोणत्या स्थितीत गेला याची अखंड नोंद. फौजदारी वकिली करताना मी ज्या चुका वारंवार पाहिल्या, त्या एकत्र करून एक कल्पित प्रकरण पुढे मांडले आहे. तपासाधिकारी, मुद्देमाल सांभाळणारे कर्मचारी, नवोदित वकील आणि पंच म्हणून बोलावले जाणारे नागरिक या सर्वांना त्याचा उपयोग व्हावा, अशी इच्छा आहे.

प्रकरण

ऑगस्ट महिना आहे. जालन्याच्या मोंढ्यातील एका अडत दुकानात 13 तारखेच्या रात्री चोर शिरतो, राखणदाराच्या डोक्यात लोखंडी पाइप घालतो आणि गल्ल्यातली रोकड घेऊन पळतो. राखणदार गंभीर जखमी होतो, पण वाचतो. गुन्हा खुनाच्या प्रयत्नाचा म्हणून नोंदवला जातो. सकाळी पंचनाम्याच्या वेळी दुकानामागे सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्पीआड रक्त लागलेला पाइप सापडतो. दुकानात चार कॅमेरे असून त्यांचे चित्रीकरण हिशेबाच्या खोलीतील डीव्हीआरमध्ये साठते. संशयित तीन दिवसांनी पकडला जातो. पाइपावरील रक्त राखणदाराचेच आहे आणि डीव्हीआरमध्ये दिसणाऱ्या माणसाच्या हातात तोच पाइप आहे, एवढे सरकार पक्षाला सिद्ध करायचे आहे.

पहिला टप्पा : पाइप उचलण्याआधी आणि उचलताना

पाइप आहे तिथेच असताना त्याची छायाचित्रे घ्यावीत. एक छायाचित्र दुरून, आजूबाजूचा परिसर दिसेल असे असावे आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचे, तसेच जप्त वस्तूंची यादी करून त्यावर साक्षीदारांच्या सह्या घेण्याचेही दृक्‌श्राव्य चित्रीकरण करावे लागते आणि ते विलंब न करता दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते. मोबाइलवर केलेले चित्रीकरण त्यासाठी चालते. या गुन्ह्याची शिक्षा सात वर्षांहून अधिक असल्याने न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येण्याची तरतूद कलम 176 मध्ये आहे. तज्ज्ञ आले असतील, तर वस्तू त्यांच्याकडूनच उचलवून घ्यावी.

पंचनाम्यात वस्तूचे वर्णन इतके नेमके असावे की तसाच दुसरा पाइप पुढे केला, तर फरक लक्षात यावा. 'एक लोखंडी पाइप, रक्ताचे डाग असलेला' हे वर्णन गावातल्या कोणत्याही भंगाराच्या दुकानातील पाइपाला लागू पडेल. त्याऐवजी 'लांबी 74 सेंटिमीटर, एका टोकाला वेल्डिंगचा उंचवटा, दुसरे टोक चेपलेले, चेपलेल्या टोकापासून 20 सेंटिमीटरपर्यंत तांबूस डाग, डागात दोन केस चिकटलेले' असे लिहावे. चार महिन्यांनी येणाऱ्या प्रयोगशाळेच्या अहवालातही वस्तूचे वर्णन असते. बचाव पक्षाचा जाणता वकील ही दोन वर्णने शेजारी ठेवून वाचतो, हे पंचनामा लिहितानाच ध्यानात ठेवावे.

रक्ताचा डाग ओला असेल, तर तो सावलीत, वाऱ्यावर वाळू द्यावा आणि मगच वस्तू स्वच्छ कागदात गुंडाळावी. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो, बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि डीएनए खराब होतो. पावसाळ्याच्या दमट दिवसांत हे फार लवकर घडते. प्रत्येक वस्तू वेगळ्या वेष्टनात ठेवावी. पंच आणि तपासाधिकारी यांच्या सह्यांचे लेबल दोऱ्याच्या गाठीखाली येईल असे लावून त्यावर लाखेचे सील करावे, म्हणजे सील किंवा लेबल न फाडता वेष्टन उघडता येणार नाही. त्याच सिलाचा ठसा पंचनाम्यावर आणि एका स्वतंत्र कागदावर उमटवावा. हा स्वतंत्र कागद म्हणजे नमुना सील. तो प्रयोगशाळेत गेला नाही, तर आलेल्या पुडक्यावरचे सील ताडून पाहायला तिथल्या अधिकाऱ्यांकडे काहीच नसते, आणि अहवालातील 'सील शाबूत' या शब्दांनाही मग फारसा अर्थ उरत नाही. सील करण्याचा पितळी शिक्का नंतर कोणाकडे राहिला, हेही लिहून ठेवावे. तो तपासाधिकाऱ्याच्याच खिशात राहिला, तर पुडके उघडून पुन्हा त्याच शिक्क्याने बंद करणे शक्य होते, असा युक्तिवाद होतो आणि तो निराधार म्हणता येत नाही.

दुसरा टप्पा : पोलिस ठाण्यातील पहिले 24 तास

माझ्या अनुभवात साखळी घटनास्थळी क्वचित तुटते. पंच असतात, चित्रीकरण चालू असते, वरिष्ठ हजर असतात. ती तुटते ठाण्यात, पंचनामा संपल्यानंतर आणि मुद्देमाल रजिस्टरमध्ये नोंद होण्याआधी.

आपल्या प्रकरणात पंचनामा 14 तारखेला सकाळी 10:40 वाजता संपला. रजिस्टरमधील नोंद मात्र 15 तारखेची आहे आणि तीवर वेळ लिहिलेली नाही. मधल्या काळात पाइप तपासाधिकाऱ्यांच्या खोलीतील कपाटात होता, असे ते साक्षीत सांगतील. पण तसे कुठेही लिहिलेले नाही. कपाटाला कुलूप होते काय, किल्ली कोणाकडे होती, यालाही आधार नाही.

आता याच काळात दुसरे काय घडले ते पाहा. 14 तारखेच्या दुपारी रुग्णालयातून राखणदाराच्या रक्ताचा नमुना एका छोट्या बाटलीत ठाण्यात आला. पाइपावरील रक्त ताडून पाहण्यासाठी हा नमुना लागतोच, त्यामुळे तो घेण्यात काही गैर नाही. पण ज्या दुपारी पाइपाची नोंद झालेली नव्हती आणि त्याचे सील कोणी तपासलेले नव्हते, त्याच दुपारी राखणदाराचे रक्त त्याच इमारतीत होते. बचावाचे वकील उलटतपासणीत एवढेच विचारतील : पाइप आणि रक्ताची बाटली एकाच खोलीत होती काय? आधी काय सीलबंद झाले? पाइपावरचे रक्त त्या दुपारी लावले गेले असणे अशक्य आहे, असे तुम्ही कशाच्या आधारे म्हणता? तपासाधिकारी प्रामाणिक असूनही या प्रश्नांना कागदावरचे उत्तर त्यांच्याकडे नसेल. डीएनए अहवाल रक्त राखणदाराचेच आहे असे म्हणेल. पण ते पाइपावर केव्हा आले, हे अहवालाला ठाऊक नसते.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. घटनास्थळाची वस्तू सीलबंद होऊन मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात गेल्याची नोंद, वेळेसह, जखमीचा किंवा आरोपीचा तुलनेचा नमुना ठाण्यात येण्याआधी झालेली असावी. स्टेशन डायरीतही त्याच वेळेची नोंद असावी. रजिस्टरमध्ये गुन्हा रजिस्टर क्रमांक, वस्तूचे वर्णन, सिलावरील अक्षरे, सील शाबूत असल्याचा शेरा, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही, तारीख आणि वेळ या गोष्टी असाव्यात. रात्री कारकून हजर नसेल, तर ठाणे अंमलदाराने वस्तू घेऊन आपल्या नावाने नोंद करावी आणि सकाळी पुढे सोपवावी. अशी नोंद ही साखळीतील एक कडी वाढवते खरी, पण नोंदवलेल्या जादा कडीने नुकसान होत नाही. न नोंदवलेल्या एका रात्रीने होते.

तिसरा टप्पा : प्रयोगशाळेपर्यंत आणि परत

मुद्देमाल खोलीतून पुडके नेणाऱ्या शिपायाचे नाव, बक्कल क्रमांक, निघण्याची वेळ आणि सिलाची स्थिती रजिस्टरमध्ये लिहून त्याची सही घ्यावी. प्रयोगशाळा पुडके घेताना पोच देते. ती पोच ठाण्यात आल्यावर रजिस्टरला जोडावी. प्रयोगशाळेने त्रुटी काढून पुडके परत पाठवले, तर ती फेरीही लिहावी. बहुतेक ठिकाणी ती लिहिली जात नाही, आणि मग पुडके 18 तारखेला बाहेर गेले, 18 तारखेलाच परत आले आणि 26 तारखेला पुन्हा गेले, हे न्यायालयाला पोचेवरच्या तारखांवरून कळते.

मुद्देमाल कारकून आणि पुडके नेणारा शिपाई या दोघांचे जबाब तपासातच नोंदवावेत आणि त्यांची नावे साक्षीदारांच्या यादीत घालावीत. 1980 सालच्या दौलतराम प्रकरणात राजस्थानातील अफूचे नमुने विश्लेषकाकडे पोहोचण्याआधी अनेकांच्या हातून गेले होते. आपल्या ताब्यात असताना सिलाला धक्का लागला नाही, हे सांगायला त्यांच्यापैकी कोणालाच साक्षीला बोलावले गेले नाही, आणि आरोपीची सुटका सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली.

डीएनए नमुन्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये, तमिळनाडूच्या एका खटल्यात, देशभरासाठी स्पष्ट निर्देश दिले. नमुना घेतल्यापासून 48 तासांत तो प्रयोगशाळेत पोहोचवावा, उशीर झाल्यास त्याचे कारण केस डायरीत लिहावे, खटला चालू असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय पुडके उघडू अथवा पुन्हा सील करू नये, आणि ताब्याच्या साखळीचे स्वतंत्र रजिस्टर ठेवून ते खटल्याच्या अभिलेखाला जोडावे, असे त्यांत सांगितले आहे. जालन्याहून 48 तासांत छत्रपती संभाजीनगरला पुडके पोहोचवणे ही अवघड गोष्ट नाही. अडचण येते ती पत्रव्यवहार, मंजुरी आणि मनुष्यबळ यांत. ती खरी असेल, तर तीच अडचण त्याच दिवशी केस डायरीत लिहावी.

चौथा टप्पा : डीव्हीआर

डीव्हीआरच्या बाबतीत पहिली शत्रू वेळ आहे. डिस्क भरली की यंत्र जुन्या चित्रीकरणावर नवे लिहीत जाते. किती दिवसांनी, ते डिस्कचा आकार, कॅमेऱ्यांची संख्या आणि चित्राचा दर्जा यांवर ठरते. छोट्या दुकानांत हा काळ अनेकदा थोड्याच दिवसांचा असतो. त्यामुळे पंचनाम्याच्या दिवशीच डीव्हीआर ताब्यात घ्यावा.

बंद करण्याआधी पडद्यावर दिसणारी तारीख-वेळ आणि त्याच क्षणी मोबाइलवर दिसणारी वेळ, या दोन्ही पंचनाम्यात लिहाव्यात आणि दोन्ही एकाच छायाचित्रात घ्याव्यात. आपल्या प्रकरणात मोबाइलवर 9:59 असताना डीव्हीआर 9:42 दाखवत होता, म्हणजे यंत्र 17 मिनिटे मागे होते. हा फरक लिहिला नाही, तर चित्रीकरणात 1:30 वाजता दिसणारा माणूस आणि राखणदाराने जबाबात सांगितलेली पावणेदोनची वेळ यांचा मेळ बसत नाही, आणि साधा तांत्रिक फरक हा साक्षीतील विसंगती म्हणून वापरला जातो. यंत्राचा मेक, मॉडेल, अनुक्रमांक, पासवर्ड कोणी दिला आणि कोणत्या क्रमांकाचा कॅमेरा कुठे बसवला आहे, हेही लिहावे. त्यानंतर यंत्र मेनूतून रीतसर बंद करून, आतल्या डिस्कसह, पाइपाप्रमाणेच सील करावे.

दुसरी शत्रू उत्सुकता. आपल्या प्रकरणात 15 तारखेला संध्याकाळी ठाण्यात सील काढून डीव्हीआर टीव्हीला जोडला गेला, संशयिताचा चेहरा पाहण्यासाठी. हेतू तपासाचाच होता. पण डीव्हीआर सुरू झाला की तो स्वतःच्या डिस्कवर काही ना काही लिहितो. सुरू झाल्याची नोंद तरी नक्कीच होते. त्यामुळे आधी काढलेला डिस्कचा हॅश आता जुळणार नाही, आणि आधी काढलाच नसेल, तर मूळ स्थिती काय होती हे सांगायला काहीच उरत नाही.

हॅश म्हणजे फाइलमधील किंवा डिस्कवरील प्रत्येक बिटावरून गणिताने काढलेली ओळखखूण. SHA-256 पद्धतीत ती 64 अक्षर-अंकांची असते. एका बिटाचा फरक पडला, तरी खूण पूर्ण बदलते. फाइलचा हॅश लिनक्सवर पहिल्या आणि विंडोजवर दुसऱ्या आज्ञेने काढता येतो :

```
sha256sum camera3.mp4
certutil -hashfile camera3.mp4 SHA256
```

इथे एक भेद नीट समजून घ्यावा, कारण साक्षीत इथेच गोंधळ होतो. फाइल फक्त पाहिली तर तिचा हॅश सहसा बदलत नाही. पण डिस्क साध्या संगणकाला जोडली, तर संगणक तिच्यावर आपल्या नोंदी लिहू शकतो आणि संपूर्ण डिस्कचा हॅश बदलू शकतो. म्हणून डिस्क तपासताना लेखन रोखणारे उपकरण, म्हणजे राइट ब्लॉकर, वापरून तिची बिटागणिक प्रत काढतात, प्रतीचा आणि मूळ डिस्कचा हॅश जुळवतात, आणि पुढचे सगळे पाहणे-शोधणे प्रतीवरच करतात. संशयिताचा चेहरा तातडीने हवा असेल, तर योग्य मार्ग हा की घटनास्थळी, यंत्र चालू असताना, पंचांसमोर आणि कॅमेऱ्यासमोर नेमका तेवढा भाग नव्या पेनड्राइव्हवर काढावा, तिथेच त्याचा हॅश काढून पंचनाम्यात लिहावा आणि तपासासाठी ती प्रत वापरावी. मूळ यंत्र सीलबंदच राहते.

ही प्रत यंत्राच्या स्वतःच्या स्वरूपात ठेवावी. MP4 मध्ये रूपांतर केले की ती नवी फाइल होते आणि तिचा हॅश वेगळा येतो. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत दाबून लहान केलेली असते. तीही मूळ फाइल नव्हे. पडद्याचे मोबाइलने केलेले चित्रीकरण तर वेगळीच वस्तू आहे. अशा प्रती चेहरा ओळखायला उपयोगी पडतात, न्यायालयात मूळ म्हणून चालत नाहीत.

हॅशची मर्यादाही सांगायला हवी. तो काढल्यानंतर बदल झाला की नाही एवढेच तो सांगतो. चित्रीकरण त्याआधी कोणी कापले होते काय, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून हॅश जितका उशिरा, तितका त्याचा उपयोग कमी. आठव्या दिवशी काढलेला हॅश पहिल्या सात दिवसांबद्दल काहीही सांगत नाही.

प्रमाणपत्र आणि जालन्याचाच एक निकाल

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत आहे. भाग अ यंत्राचा ताबा असणाऱ्याने भरायचा असतो, आपल्या प्रकरणात अडत्याने किंवा यंत्र सांभाळणाऱ्या मुनिमाने. आणि भाग ब तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश आणि तो काढण्याची पद्धत नमूद करायची असते. शिवाय सुरक्षा संहितेच्या कलम 193 नुसार इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या ताब्याचा क्रम पोलिसांच्या अंतिम अहवालातच द्यावा लागतो. ही तरतूद नवी आहे, आणि ती नुसती 'जप्त करून प्रयोगशाळेत पाठवले' एवढ्या वाक्याने भागवली जाऊ नये.

या प्रमाणपत्राबाबतचा कायदा स्थिर झाला तो जालना विधानसभा मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीवरून. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात उमेदवारी अर्ज दुपारी 3 नंतर दाखल झाले काय, हा वाद होता, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरणाचा. अधिकाऱ्यांकडे वारंवार मागूनही प्रमाणपत्र मिळाले नव्हते. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मूळ यंत्रच न्यायालयात आणले नसेल, तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे आणि तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र पक्षकाराने ते मिळवण्यासाठी शक्य ते सर्व केले असेल आणि देणाराच देत नसेल, तर अशक्य गोष्टीची सक्ती त्याच्यावर करता येणार नाही. निकाल जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम 65ब वरचा असला, तरी व्यवहारातला धडा कायम आहे : प्रमाणपत्र लेखी मागावे, नकाराची नोंद ठेवावी आणि न्यायालयाकडून ते मागवण्यासाठी अर्ज करावा.

साखळी तुटली की नेमके काय होते

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. प्रमाणपत्र नसले, तर इलेक्ट्रॉनिक प्रत पुराव्यात वाचलीच जात नाही. भौतिक वस्तूच्या साखळीत फट असली, तर वस्तू सहसा पुराव्यात येते, पण तिचे वजन घटते. प्रत्येक उशीर घातक नसतो. सील शाबूत असल्याची सुसंगत नोंद असेल आणि उशिराचे कारण दिलेले असेल, तर न्यायालय तो समजून घेते. पण आपल्या प्रकरणाप्रमाणे नोंद नसलेली रात्र, त्याच वेळी ठाण्यात असलेले जखमीचे रक्त आणि साक्षीला न आलेला शिपाई हे एकत्र आले, की 'छेडछाड झाली' हे आरोपीला सिद्ध करावे लागत नाही. ती झाली असण्याची रास्त शक्यता पुरते. दिल्लीच्या छावला येथील तरुणीवरील बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात फेब्रुवारी 2012 मध्ये घेतलेले नमुने सुमारे 11 दिवस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत राहिले. छेडछाडीची शक्यता नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले. पुराव्यातील इतर उणिवांबरोबर हेही धरले गेले आणि फाशीची शिक्षा झालेले आरोपी सुटले.

तूट लक्षात आली तर

आपल्या प्रकरणात 16 तारखेला नव्या अधिकाऱ्याच्या लक्षात आले की डीव्हीआरचे सील काढले गेले आहे. अशा वेळी जुन्या तारखेची नोंद करणे किंवा गुपचूप नवे सील लावणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण चित्रीकरणाच्या वेळा, यंत्रातल्या स्वतःच्या नोंदी आणि मोबाइलवरील छायाचित्रे ते उघडे पाडतात, आणि मग पाइपाच्या निर्दोष नोंदींवरही संशय पसरतो. त्याऐवजी सील कोणी, केव्हा, कशासाठी काढले आणि यंत्र किती वेळ चालू होते, हे स्टेशन डायरीत लिहावे, संबंधित कर्मचाऱ्याचा जबाब घ्यावा, पंचांसमोर नवा पंचनामा करून पुन्हा सील करावे आणि प्रयोगशाळेच्या पत्रात ही बाब नमूद करावी. यंत्राच्या नोंदींत 15 तारखेचे सुरू-बंद दिसले आणि 13 च्या रात्रीचे चित्रीकरण अखंड असले, तर तज्ज्ञ तसे सांगू शकतो. 14 तारखेला पेनड्राइव्हवर काढलेली आणि हॅश लिहिलेली प्रत असेल, तर ती डिस्कवरील त्याच भागाशी ताडता येते आणि तेवढी कडी पुन्हा जोडली जाते.

अडत्याला डीव्हीआर परत हवा असतो. हंगाम तोंडावर असतो आणि दुकान उघडे पडलेले असते. मागणी रास्त आहे. मात्र न्यायालयाने सुरक्षा संहितेच्या कलम 497 खाली ताबा देण्यापूर्वी डिस्कची बिटागणिक प्रत निघालेली असावी आणि तिचा हॅश अभिलेखावर आलेला असावा. मूळ डिस्क काढून ठेवून अडत्याला नव्या डिस्कसह यंत्र द्यावे, असा अर्ज सरकार पक्षाने त्याच वेळी करावा. बंधपत्रावर दिलेल्या यंत्रात मूळ डिस्क राहिली, तर पहिल्याच दिवसापासून तिच्यावर नवे चित्रीकरण लिहिले जाऊ लागते आणि खटल्याच्या सुनावणीपर्यंत 13 ऑगस्टची रात्र तिच्यावर उरलेली नसते.